नायलॉन वाळवणं वेगळं, कोरडं ठेवणं वेगळं

थ्रीडी प्रिंटरच्या नायलॉन धाग्याचं, म्हणजे फिलामेंटचं, स्पूल सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवलं की ते ‘वाळलं’, असं अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही. सिलिका जेल डब्यातली हवा कोरडी करतं. फिलामेंटच्या आत मुरलेलं पाणी बाहेर यायला उष्णता लागते, आणि साध्या तापमानाला ते इतकं सावकाश निघतं की त्यावर विसंबता येत नाही.

वाळवण्यासाठी ड्रायरमध्ये ७० ते ९० अंश सेल्सिअसला आठ-बारा तास द्यावे लागतात (स्पूलचं प्लास्टिक तेवढं सोसतं का, ते आधी पाहा). पण घड्याळापेक्षा मी वजनकाट्यावर जास्त विश्वास ठेवतो. समजा, एक किलो फिलामेंटचं स्पूल रिळासकट १२६२ ग्रॅम भरलं, सहा तासांनी १२४६ आणि दहा तासांनी १२४४. म्हणजे १८ ग्रॅम पाणी गेलं, आणि घट जवळपास थांबली. आता ते वाळलं. वजन अजून भराभर उतरत असेल, तर आणखी थांबा.

कोरडं ठेवण्याचं काम खरं तर इथून पुढे सुरू होतं. उघड्यावर टांगलेलं स्पूल प्रिंट चालू असतानाच हवेतला ओलावा ओढत राहतं. नायलॉनच्या प्रकारांपैकी पीए६ यात फार हावरट, पीए१२ बरंच संयमी. म्हणून लांबच्या प्रिंटला स्पूल ड्राय बॉक्समध्येच ठेवायचं आणि फिलामेंट पीटीएफई नळीतून थेट एक्स्ट्रूडरपर्यंत न्यायचं. गरम ड्रायरमधूनच प्रिंट करता आलं, तर उत्तमच.

चूक नेमकी कुठे झाली, हे वस्तूच सांगते. पहिल्या थरापासून नोझलमधून तडतड ऐकू येत असेल, भिंती खरखरीत दिसत असतील आणि तंतू लोंबत असतील, तर वाळवणं अपुरं राहिलं. खालचे थर गुळगुळीत आणि काही तासांनंतरचे वरचे थर फेसाळ असतील, तर वाळवणं ठीक होतं, राखणं चुकलं. उलट, सुरुवात खराब आणि पुढे आपोआप सुधारणा, असं दिसलं तर रात्रभर नळीबाहेर राहिलेला तुकडा तेवढा ओला झाला होता. तो काढून टाका, संपूर्ण स्पूल पुन्हा वाळवायची गरज नाही.

कोपरे उचलले गेले की मात्र त्याचं खापर ओलाव्यावर फोडू नका. नायलॉन थंड होताना आकसतं, ते कोरडं असलं तरी. वस्तू काढल्यावर तिचा तळ वाकलेला दिसला, तर तो आकसण्याचा ताण: प्रिंटर बंदिस्त करा, पार्ट फॅन बंद ठेवा, तळाभोवती रुंद ब्रिम द्या. तळ सपाट असून वस्तू नुसती सुटून आली असेल, तर दोष चिकटण्याचा. बेडवर पीव्हीए ग्लू स्टिकचा पातळ थर द्या आणि बेडचं तापमान वाढवा. गॅरोलाइटचा पत्रा असेल तर नायलॉन त्यावर चांगलं धरतं.