सर्व्हेतला रेटिंगचा तक्ता स्क्रीन रीडरवर कसा ऐकू येतो (आणि आम्ही तो का मोडतो)

आमच्याकडून ऑनलाइन सर्व्हे बनवून घेणाऱ्या सगळ्यांसाठी

तुमचा सर्व्हे आमच्याकडे आला की आम्ही बऱ्याचदा त्यातला एखादा छानसा तक्ता तोडून त्याचे सुटे प्रश्न करतो, आणि मग तुमचा फोन येतो, "अहो एका पानात मावत होतं, तुम्ही लांबण का लावली?" दरवेळी फोनवर समजावून सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच देऊ. पूर्ण अंध किंवा खूप कमी दिसणारी माणसं स्क्रीन रीडर लावून सर्व्हे भरतात तेव्हा नेमकं काय होतं, आणि मुख्य म्हणजे तुमच्या उत्तरांचं काय होतं, ते यात आहे.

आधी थोडक्यात, स्क्रीन रीडर म्हणजे काय. स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर एनव्हीडीए (हे फुकट आहे) आणि जॉज, अॅपलच्या फोन-कॉम्प्युटरवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: ते पान "बघत" नाही, पानाच्या आतलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, वाचतं. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात म्हणून त्यांचा संबंध आहे हे तुम्हाला-मला दिसतं, त्याला नाही, त्याला तो संबंध कोडमध्ये लिहून द्यावा लागतो.

आता तो तक्ता

एक खरं उदाहरण घेऊ, ग्राहकाचं नाव अर्थातच सांगत नाही. प्रशिक्षण झाल्यावर अभिप्राय घ्यायचा सर्व्हे होता. डावीकडे ६ वाक्यं, "विषय नीट समजला", "शंका सोडवल्या" वगैरे, वरती ५ पर्याय, "पूर्ण सहमत" पासून "अजिबात नाही" पर्यंत, आणि मध्ये निवडायचे ३० गोल, म्हणजे रेडिओ बटणं. डोळ्यांना मस्त, एका नजरेत वाक्य आणि वरचा पर्याय जुळतो.

आमच्यासाठी सर्व्हे तपासून देणारी एक मैत्रीण आहे, तिला अजिबात दिसत नाही, एनव्हीडीए वापरते. तिने टॅब दाबला तर तिला ऐकू आलं, "रेडिओ बटण, निवडलेलं नाही, ५ पैकी १". बस्स. कुठल्या वाक्याचं, कुठला पर्याय, काही नाही. परत टॅब दाबला, परत तेच शब्द, कारण ती आता दुसऱ्या ओळीत पोचली होती पण ते तिला कळायला काही मार्गच नव्हता. सहा वेळा टॅब, सहा वेळा तेच वाक्य.

कारण साधं आहे. गोलाच्या आत शब्द नव्हते, "पूर्ण सहमत" हे वरती एकदाच लिहिलेलं, आणि सगळं डिव्ह, म्हणजे स्वतःला काही अर्थ नसलेले नुसते डबे, टाकून तक्त्यासारखं दिसेल असं मांडलेलं. खऱ्या टेबलचा कोड असेल आणि ओळी-रकान्यांची शीर्षकं नीट खुणावलेली असतील तर थोडं बरं असतं, शीर्षकं ऐकू येतात. पण तरी ३० खणांमध्ये आपण कुठे आहोत हे कानाने लक्षात ठेवत फिरायचं म्हणजे डोक्याला ताप आहे, फोनवर तर एकेक गोल स्वाइप करत जायचं. कमी दिसणाऱ्यांची गत वेगळी, ते पान ४०० टक्के मोठं करतात, मग एका वेळी दोन रकाने दिसतात आणि वरची पर्यायांची ओळ स्क्रीनच्या बाहेर गेलेली असते, गोल दिसतोय पण तो कशाचा ते बघायला वर-खाली, डावी-उजवी सरकवत बसायचं.

म्हणून तोडतो. प्रत्येक वाक्याचा वेगळा प्रश्न, खाली त्याचे पाचही पर्याय शब्दांत:

```html
<fieldset>
  <legend>२. तुमच्या शंका सोडवल्या का?</legend>
  <label><input type="radio" name="q2" value="5"> सगळ्या सोडवल्या</label>
  <label><input type="radio" name="q2" value="4"> बऱ्याचशा</label>
  <!-- उरलेले पर्याय असेच -->
</fieldset>
```

यात `legend` म्हणजे प्रश्न, `fieldset` म्हणजे हे पर्याय या प्रश्नाचे असं सांगणारं कुंपण, आणि `label` मुळे प्रत्येक गोलाला नाव मिळतं. आता त्याच मैत्रिणीला टॅबवर ऐकू येतं, "२. तुमच्या शंका सोडवल्या का?, सगळ्या सोडवल्या, रेडिओ बटण, निवडलेलं नाही, ५ पैकी १". एका दमात सगळं. आणि हो, `label` चा फायदा डोळस लोकांनाही होतो, शब्दावर टॅप केलं तरी गोल निवडला जातो, त्या बारक्या ठिपक्यावर नेम धरावा लागत नाही.

सर्व्हे लांब दिसतो हे खरं, ते नाकारत नाही. पण वाक्यं ६ च होती, प्रश्न ६ च झाले. वाक्यं १५ असतील तर मात्र आम्ही तुम्हाला आधी विचारू की यातली खरंच किती लागतायत.

उत्तर निवडताच पुढे पळणारा प्रश्न

हे आम्हाला स्वतःलाच उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्याच सर्व्हेत तक्ता तोडल्यावर ग्राहक म्हणाले, एका पानावर एक प्रश्न ठेवा आणि उत्तर निवडलं की आपोआप पुढचा येऊ दे, फोनवर पटापट होतं. आम्ही केलं तसं. आणि मैत्रिणीचा निरोप आला, "मला पर्याय वाचूच देत नाहीये हा, मी खाली गेले की प्रश्नच बदलतो".

झालं काय होतं बघा. कीबोर्डने टॅब दाबून रेडिओ बटणांच्या गटात शिरलं की तुम्ही पहिल्या पर्यायावर येता, पण तो निवडलेला नसतो. दुसरा पर्याय काय आहे ते ऐकायला तुम्ही खालचा बाण दाबता, आणि ब्राउझरच्या नियमाप्रमाणे बाण दाबला की नुसतं पुढे सरकत नाही, तो पर्याय निवडलाच जातो. ही चूक नाही, रेडिओ बटणं अशीच चालतात, आणि एरवी त्याने काही बिघडत नाही कारण तुम्ही बाण दाबत पाचही ऐकता आणि हव्या त्याच्यावर थांबता. पण इथे पहिल्याच बाणाला "बऱ्याचशा" निवडलं गेलं, सर्व्हेला वाटलं उत्तर आलं, पान पुढे. तिसरा, चौथा, पाचवा पर्याय तिने ऐकलेलाच नाही.

म्हणजे तिचा त्रास तर आहेच, पण तुमच्या एक्सेलमध्ये काय आलं? दुसरा पर्याय. प्रत्येक प्रश्नाला दुसरा पर्याय. उत्तर रिकामं असतं तर निदान कळलं असतं, हे तर भरलेलं आणि खोटं. जुन्या सर्व्हेत असा आपोआप पुढे जाणारा प्रकार असेल तर उत्तरं काढून बघा, ओळीने सगळीकडे दुसराच पर्याय असलेली माणसं आहेत का. असली म्हणून ती स्क्रीन रीडरवालीच असं नाही, कंटाळलेलीही असतील, पण शंका घ्यायला जागा आहे.

आता आम्ही आपोआप पुढे नेणं बंदच केलंय, कोणी कितीही म्हटलं तरी. "पुढे" असं बटण, ते दाबल्यावरच पान बदलणार. वेबच्या अॅक्सेसिबिलिटीचे जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यातही हेच आहे, नुसती निवड बदलली म्हणून आधी न सांगता पान बदलायचं नाही.

याच्याच पोटातली अजून एक गोष्ट. रेडिओ बटण एकदा निवडलं की परत रिकामं करता येत नाही, फक्त दुसरं निवडता येतं. आणि बाणाने फिरताना काहीतरी निवडलं जाणारच. त्यामुळे ज्याला तो प्रश्न सोडून द्यायचाय त्याची पंचाईत, पर्याय ऐकले म्हणजे उत्तर दिल्यासारखंच. म्हणून ऐच्छिक प्रश्नाला शेवटी "सांगायचं नाही" हा पर्याय आम्ही घालतोच, तो काढायला सांगू नका प्लीज.

स्लायडरचंही असंच काहीसं, सरकपट्टी सुरुवातीला ५० वर उभी असते, डोळ्यांना ती फिकी दिसते म्हणून "अजून हात लावलेला नाही" हे कळतं, कानाला फक्त "५०" ऐकू येतं. उत्तर दिलंय की नाही, देव जाणे. आम्ही स्लायडरऐवजी आकडा टाइप करायची चौकट देतो.

चुकलं तर कळलं पाहिजे

"पुढे" दाबलं, एक प्रश्न राहिला होता, पानाच्या वरती लाल अक्षरात ओळ आली. दिसणाऱ्याला दिसली. ऐकणाऱ्याला? शांतता. तो परत दाबतो, परत शांतता, तिसऱ्यांदा पानच बंद करतो आणि तुम्ही म्हणता लोक सर्व्हे अर्धवट सोडतात. आम्ही असं करतो की राहिलेल्या पहिल्या प्रश्नावरच फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे आहे ती जागा, नेतो आणि "हा प्रश्न राहिला आहे" हे वाक्य त्या प्रश्नाच्या `legend` मध्येच घालतो, म्हणजे तिथे पोचताच ते कानावर पडतं. आणि "आवश्यक" हा शब्द लिहितो, नुसती लाल चांदणी नाही.

मराठी सर्व्हे असेल तर हे एक बघाच

पानाच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला भाषा लिहिलेली असते. बऱ्याच तयार टूल्समध्ये ती `lang="en"` अशीच राहून जाते, मजकूर सगळा मराठी असला तरी. मग काही स्क्रीन रीडर इंग्रजीचा आवाज लावतो, आणि आवाज कुठला आहे त्यावर ठरतं, कधी अक्षरं विचित्र उच्चारतो, कधी देवनागरी सरळ गाळून टाकतो. `lang="mr"` एवढा बदल पुरतो, अर्थात समोरच्याच्या मशीनवर मराठी आवाज असेल तर. टूलच्या सेटिंगमध्ये सर्व्हेची भाषा मराठी निवडली की बहुतेक हे आपोआप होतं, पण तपासा.

स्वतः तपासून बघायचं असेल तर

अर्धा तास काढा. विंडोजवर एनव्हीडीए टाका, त्याच्या मेनूत टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, ते उघडलं की जे बोललं जातं ते अक्षरांतही दिसतं, सुरुवातीला बोलणं फार भरभर वाटतं त्याला हा उपाय. थोडा सराव झाला की मॉनिटर बंद करा, माउस लांब ठेवा, टॅब, बाण आणि स्पेसबार एवढ्यावर तुमचा सर्व्हे भरा. एक प्रश्न मुद्दाम सोडा. शेवटी एक्सेल उघडून बघा, तुम्ही जे उत्तर दिलं तेच तिथे आलंय का. एनव्हीडीए बंद करायला इन्सर्ट आणि क्यू एकत्र, मग एंटर, हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर तो बोलतच राहतो आणि माणूस गोंधळतो (आमच्या ऑफिसात झालंय).

अर्थात दिसणाऱ्या माणसाने केलेली ही तपासणी तेवढ्यापुरतीच. आपल्याला पान कसं आहे ते आधीच माहीत असतं, त्यामुळे जे ऐकू आलं नाही ते आपण मनानेच भरून घेतो. म्हणून सर्व्हे बाहेर पाठवायच्या आधी आम्ही तो रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून भरून घेतो, त्याला दोन दिवस जास्त लागतात आणि त्याचं मानधन बिलात वेगळ्या ओळीत दाखवलेलं असतं. तारीख ठरवताना तेवढे दोन दिवस धरा.