रायगड कळसूबाईहून उंच कसा झाला?

एका ट्रेकवेड्या मित्राला छोटं वेबपान करून देत होतो. गड-शिखरांची नावं, त्यांची मीटरमधली उंची आणि उंचीनुसार यादी लावणारं एक बटण, एवढंच. सुरुवातीला त्यात कळसूबाई (1646), तोरणा (1403), साल्हेर (1567) आणि सिंहगड (1312) होते. बटण दाबलं की सिंहगड पहिला, कळसूबाई शेवटी. मी खूश, तोही खूश.

आठवड्याभराने त्याचा फोन आला. ‘अरे, मी रायगड टाकला, तर तो कळसूबाईच्याही पुढे जाऊन बसला. 820 मीटर आहे ना तो?’

कोड पाहिला. उंची क्रमाने लावणारी ओळ ही होती:

```
[1646, 1403, 1567, 1312, 820].sort()
// [1312, 1403, 1567, 1646, 820]
```

जावास्क्रिप्टमधल्या `sort()` ला काहीच सांगितलं नाही, तर ते अ‍ॅरेतल्या म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकाची आधी स्ट्रिंग करतं, म्हणजे अक्षरांची ओळ. मग या ओळींची तुलना शब्दकोशासारखी होते. शब्दकोशात ‘अननस’ आधी येतो आणि ‘आई’ नंतर. शब्द किती लांब आहे ते कुणी मोजत बसत नाही. इथेही तसंच. 1312 आणि 820 समोरासमोर आले की पहिलं अक्षर पाहिलं जातं: एकीकडे ‘1’, दुसरीकडे ‘8’. संगणकाच्या अक्षरसूचीत ‘1’ चा क्रमांक 49 आणि ‘8’ चा 56. निकाल तिथेच लागला. पुढचे अंक कुणी वाचलेच नाहीत, त्यामुळे 1 हा हजाराच्या घरातला आणि 8 शंभराच्या, हे लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिले चार आकडे बरोबर लागले, कारण ते सगळे चार अंकी होते. अंकांची संख्या सारखी असेल, तर धन पूर्णांकांचा शब्दकोशी क्रम आणि गणिती क्रम एकच येतो. म्हणून ही चूक इतकी लबाड आहे. चाचणीसाठी 21, 45, 78 असे आकडे घ्याल तर ती दिसणारच नाही. 9 नंतर 10 येतो किंवा 99 नंतर 100, तेव्हा ती बाहेर पडते. ऋण संख्यांचं तर विचारूच नका: -1, मग -10, मग -2 असा क्रम लागतो.

हे असं का ठेवलं असेल? जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेत काहीही कोंबता येतं: आकडे, नावं, तारखा, सगळं एकत्र. या खिचडीला क्रम लावायचा तर सगळ्यांना लागू पडेल असं माप हवं, आणि जवळपास प्रत्येक गोष्टीची स्ट्रिंग करता येते. याच भाषेत `Float64Array` नावाचा एक प्रकार आहे, ज्यात फक्त संख्याच बसतात. त्याचं `sort()` काही न सांगता संख्या बरोबर लावतं. आत काय आहे हे तिथे आधीच ठाऊक असतं.

साध्या अ‍ॅरेला मात्र माप आपण द्यायचं. ते देणाऱ्या छोट्या फंक्शनला कम्पॅरेटर म्हणतात. त्याच्या हातात एका वेळी दोनच घटक येतात, `a` आणि `b`. उत्तर ऋण आलं तर `a` आधी, धन आलं तर `b` आधी, शून्य आलं तर दोघं बरोबरीचे. संख्यांसाठी हे उत्तर वजाबाकीतून आयतंच मिळतं. इथे `gad` म्हणजे गडांची यादी आणि `unchi` म्हणजे प्रत्येकाची उंची:

```
gad.sort((a, b) => a.unchi - b.unchi)
```

रायगड आणि सिंहगड आले की 820 - 1312 = -492. ऋण, म्हणजे रायगड आधी. किती ऋण याला महत्त्व नाही, फक्त चिन्ह पाहिलं जातं. उतरता क्रम हवा असेल तर `b` मधून `a` वजा करायचा.

एवढं कळलं की बरेच जण वजाबाकीऐवजी दुसरंच काही लिहितात, कारण वाचायला ते जास्त सरळ वाटतं:

```
[3, 1, 2].sort((a, b) => a > b)
```

‘`a` मोठा आहे का?’ याचं उत्तर `true` किंवा `false`, म्हणजे संख्येत 1 किंवा 0. ऋण उत्तर इथे कधीच येत नाही. गंमत म्हणजे जुन्या क्रोममध्ये दहापर्यंत घटकांच्या अ‍ॅरेवर हे व्यवस्थित चालायचं. तेव्हाची पद्धत पत्त्यांचा हात लावल्यासारखी एकेक घटक जागी सरकवायची आणि दर वेळी एवढंच पाहायची, की उत्तर शून्याहून मोठं आहे का. 1 आणि 0 वर तिचं भागत होतं.

मग 2018 च्या ऑक्टोबरात क्रोम 70 आलं आणि त्यात टिमसॉर्ट ही पद्धत आली. ती टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथनसाठी तयार केली होती. टिमसॉर्ट आधी पाहतं की यादीचा काही भाग मुळातच क्रमाने लागलेला आहे का. त्यासाठी ते प्रत्येक शेजारच्या जोडीबद्दल विचारतं, ‘यातला नंतरचा घटक खरं तर आधी यायला हवा का?’, आणि ‘हो’ म्हणायला ऋण उत्तर लागतं. वरचा कम्पॅरेटर ऋण उत्तर देतच नाही. मग टिमसॉर्ट समजतं की अख्खी यादी आधीच नीट लागलेली आहे, आणि तिला हातच लावत नाही. आजच्या क्रोममध्ये वरच्या ओळीतून `[3, 1, 2]` तसाच्या तसा परत येतो. वर्षानुवर्षं चाललेला कोड रातोरात बिघडला म्हणून तेव्हा अनेकांनी ब्राउझरला बोल लावले, पण चूक मुळात कम्पॅरेटरचीच होती.

माझ्या यादीत वजाबाकी टाकल्यावर रायगड मुकाट पहिल्या जागी गेला. पण मित्र थांबणारा नव्हता. त्याने एका सुळक्याचं नाव टाकलं आणि उंचीची जागा रिकामी सोडली, नंतर भरू म्हणून. तपासायला मी यादीत तीनच नावं ठेवली: कळसूबाई, सुळका, रायगड. बटण दाबलं, काहीच हललं नाही.

इथे उंचीच नाही, म्हणजे ती `undefined`. तिच्यातून 1646 वजा केले की `NaN` येतं, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, आणि `sort()` त्याला शून्य धरतं. म्हणजे सुळका आणि कळसूबाई बरोबरीचे, रायगड आणि सुळकाही बरोबरीचे. शेजारच्या दोन्ही जोड्या ठीक दिसल्या, आणि कळसूबाईला रायगडाशी कुणी ताडून पाहिलंच नाही. एका रिकाम्या जागेने दोन चांगल्या आकड्यांचा क्रम बिघडवला. कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली जात नाही, त्यामुळे शोधायला वेळ जातो.

उपाय म्हणजे उंची नसलेल्यांची जागा आपणच ठरवणं. मी त्यांची उंची अनंत धरून त्यांना शेवटी पाठवलं:

```
const u = g => g.unchi ?? Infinity
gad.sort((a, b) => u(a) - u(b))
```

दोघांचीही उंची नसेल तर अनंतातून अनंत वजा होऊन पुन्हा `NaN` येतं, पण तिथे ते चालतं. दोघं खरोखरच बरोबरीचे असतात. 2019 च्या मानकापासून बरोबरीच्या घटकांचा मूळ क्रम राखणं `sort()` ला बंधनकारक आहे. त्यामुळे मित्राचे बिनउंचीचे सुळके आता यादीच्या तळाशी, त्याने टाकले त्याच क्रमाने उभे आहेत.