पुस्तक निवडण्याआधी बाल्कनीतलं ऊन मोजून या

“बाल्कनीत पहिल्यांदाच झाडं लावतोय, एखादं चांगलं पुस्तक द्या.” ही विचारणा आमच्या पुस्तकांच्या दुकानात सतत होते, आणि आम्ही लगेच पुस्तक न काढता उलट विचारतो, “तुमच्या कठड्यावर ऊन किती तास असतं?” काही जणांना हा प्रश्न आडवळणाचा वाटतो. पण ऊन न मोजणं हेच चुकीचं पुस्तक घरी जाण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर “भरपूर असतं” असं येतं. तेव्हा मनात असतो तो उजेड. झाडाला लागतं ते थेट ऊन, आणि दाटीच्या शहरात या दोन्हींत फार अंतर पडतं. समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवरून येणारा उजेड डोळ्यांना लख्ख वाटतो, पण तेवढ्यावर टोमॅटो फळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कुंडी ठेवायच्या जागी हात धरा. सावलीची कड स्पष्ट उमटली तर ते ऊन, पुसट उमटली तर तो उजेड.

बागकामाच्या पुस्तकांत ‘पूर्ण ऊन’ म्हणजे दिवसाला सहा किंवा अधिक तास थेट ऊन, ‘अर्धी सावली’ म्हणजे साधारण तीन ते सहा तास, आणि त्याहून कमी म्हणजे सावली. फळभाज्यांची जवळजवळ सगळी पुस्तकं पहिला गट गृहीत धरून लिहिलेली असतात. मुखपृष्ठावर लालबुंद टोमॅटो असतात, म्हणून हातही आधी त्यांच्याकडेच जातो.

मागे एक ताई असंच एक सुंदर, जाडजूड पुस्तक घेऊन गेल्या. तीन महिन्यांनी ते परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यातलं सगळं केलं, माती तशीच केली, खत तसंच दिलं, पण रोपं नुसती उंच आणि लुकडी झाली, फुलं चार आली आणि तीही गळाली. पुस्तकात चूक नव्हती. आम्ही त्यांना एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला, दोन जागी खूण करायला सांगितलं: एक कठड्याच्या उंचीवर आणि एक जमिनीवर. कागद भरून आला तेव्हा कठड्यावर आठ ते साडेअकरा, म्हणजे साडेतीन तास ऊन होतं. जमिनीवर, जिथे टोमॅटोच्या कुंड्या होत्या, तिथे जेमतेम दीड तास. साडेअकरानंतर वरच्या मजल्याच्या बाल्कनीची सावली पडत होती. साडेतीन तासांत पालक, लेट्यूस, पुदिना, पार्सली छान येतात, कारण त्यांची आपण पानंच खातो. फळ धरण्याइतकं अन्न झाडाला तेवढ्या उन्हात तयार करता येत नाही. ताईंनी मग पालेभाज्या आणि सुगंधी वनस्पतींवरचं एक पातळसं पुस्तक घेतलं, कुंड्या कठड्याच्या उंचीच्या मांडणीवर आतल्या बाजूने ठेवल्या, आणि दीड महिन्यात पहिली पानं खुडली.

हे मोजमाप एकदा करून भागत नाही. थंडीत सूर्य खाली असतो आणि ऊन बाल्कनीत खोलवर येतं. उन्हाळ्यात तो माथ्यावर असतो आणि वरचा स्लॅब ते अडवतो. म्हणून आम्ही दिलेल्या कागदावर दोन रकाने आहेत, एक आत्ताचा आणि एक सहा महिन्यांनंतरचा. ‘दक्षिणेकडची बाल्कनी उन्हाची’ असं लिहिणारं पुस्तक विषुववृत्तापासून दूर, उत्तर गोलार्धात बसून लिहिलेलं असतं. दक्षिण गोलार्धात हेच वाक्य उलटं होतं. दिशा सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा तास सांगणारं पुस्तक कुठेही उपयोगी पडतं. महिन्यांचंही तसंच आहे. ‘अमुक महिन्यात पेरा’ यापेक्षा ‘माती तीस अंशांच्या वर तापली की लेट्यूसचं बी नीट रुजत नाही’ असं सांगणारं पान अधिक मोलाचं.

उन्हाचा कागद हातात आला की पुस्तक पारखायला आम्ही एकच प्रकरण उघडायला सांगतो: कुंडी भरण्याचं. तिथे ‘निचऱ्यासाठी तळाशी खड्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्या’ असं असेल, तर बाकीचा मजकूरही जरा जपून वाचा. हा सल्ला फार जुना आहे आणि पुस्तकातून पुस्तकात उतरत आला आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच धरून राहतं. कुंडीच्या तळाशी एरवी जो ओला पट्टा राहतो तो खड्यांमुळे नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. घरी पाहायचं असेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. म्हणजे उथळ भांड्यात ओलावा जास्त अडकतो आणि खोल कुंडी जास्त मोकळी राहते. चांगलं पुस्तक खड्यांऐवजी मिश्रणाबद्दल बोलतं: बागेतली नुसती माती कुंडीत का घट्ट बसते, कोकोपीट किंवा परलाइट घालून ती भुसभुशीत कशी ठेवायची, आणि तळाची भोकं मोकळी कशी राहतील.

त्याच प्रकरणात कुंडीचा आकार लिटरमध्ये दिला आहे का, तेही पाहा. ‘मध्यम कुंडी’ म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळी. उंच वाढणाऱ्या टोमॅटोला वीसेक लिटर हवे, पुदिन्याला तीन लिटरही चालतात. लिटर कळले की वजनाचाही अंदाज येतो. भिजलेली वीस लिटरची कुंडी वीस किलोच्या पुढे जाते, म्हणून अशा बऱ्याच कुंड्या ठेवायच्या असतील तर बाल्कनी किती भार पेलेल हे आधी जाणकाराला विचारा. कठड्याच्या बाहेर टांगलेल्या कुंड्यांची सुंदर छायाचित्रं असलेली पुस्तकंही आमच्याकडे आहेत, पण ती देताना वाऱ्याबद्दल आम्ही सांगतोच. खाली माणसं चालत असतात.

झाडं आली नाहीत म्हणून वाचलेलं पुस्तक आम्ही बदलून देत नाही. आमचं दुकान लहान आहे, बऱ्याच पुस्तकांची एकेकच प्रत असते, आणि मातीचे हात लागलेली प्रत दुसऱ्याला नवी म्हणून देणं आम्हाला पटत नाही. ताईंनाही आम्ही तेच सांगितलं होतं, आणि त्यांचं ते जाड पुस्तक पुढे एका गच्ची असलेल्या मैत्रिणीकडे गेलं. त्याऐवजी घेण्याआधी हवा तितका वेळ बसून वाचायची मुभा आहे. आमचं कपाटही लेखकाच्या नावाने न लावता उन्हाच्या तासांनी लावलं आहे: वरचे दोन खण सहा तासांपुढचे, मधला तीन ते सहाचा, खालचा सावलीतल्या झाडांचा. नवख्यांना सहसा मधल्या खणातलं पुस्तक लागतं, आणि योगायोगाने तीच पुस्तकं आकाराने लहान आणि स्वस्त असतात.

उन्हाचा कोरा कागद गल्ल्यापाशी ठेवला आहे, त्याचे पैसे नाहीत. तो भरून आणा, सोबत दुपारी काढलेलं बाल्कनीचं एक छायाचित्र आणा. दोन-तीन पुस्तकं काढून, तुमच्या कामाच्या पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावून आम्ही बाजूला ठेवू. त्यातलं एकच घ्या. दुसरं लागलं तर पहिल्या हंगामानंतर या.