व्याख्यान-टिपण (ध्वनिमुद्रित)

शास्त्रज्ञाचे ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकून त्यातील मुख्य दावे, त्यांसाठी दिलेले पुरावे आणि वक्त्याने स्वतः मान्य केलेल्या मर्यादा वेगवेगळ्या मांडणारा लेखी गोषवारा. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मूळ भाषण कानडीत किंवा इंग्रजीत आणि टिपण मराठीत, असे घडू शकते. तेव्हा टिपणकाराला भाषांतरही करावे लागते.

या तिहेरी मांडणीच्या उगमाबद्दल एकमत नाही. न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्याकडे (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) बोट दाखवता येते आणि दावा व पुरावा यांची जोडी तेथे स्पष्ट दिसतेही. परंतु सांगणाऱ्याने आपल्याच विधानाला घातलेली मर्यादा त्या पाच अवयवांत स्वतंत्रपणे येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांत साधारण १९८७ पासून रूढ होत गेलेला मथळेवार सारांश हा दुसरा संभाव्य स्रोत. तिसरा म्हणजे ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांची युक्तिवादाच्या रचनेविषयीची १९५८ मधील मांडणी. तीत दावा व आधार यांच्या जोडीला ‘बहुधा’सारख्या, निश्चितीची पायरी सांगणाऱ्या शब्दालाही स्वतःची जागा आहे. व्याख्यानाच्या टिपणाला ही मांडणी अधिक जवळची वाटते, कारण बोलताना मर्यादा बहुतेक वेळा वेगळ्या वाक्यात येत नाही, ती क्रियापदालाच चिकटलेली असते.

सीमाभागातील अडचण नेमकी येथेच आहे. कानडी वक्ता ‘बंदिरबहुदु’ म्हणतो तेव्हा तो फक्त शक्यता सांगत असतो. मराठीत ते ‘आले असू शकतात’ असे होते. ‘बंदिरबेकु’ म्हटले तर तो अनुमान करत असतो, म्हणजे ‘आले असणार’. घाईत दोन्हींचे ‘आले आहेत’ होते आणि वक्त्याने न केलेला दावा त्याच्या नावावर चढतो. वाक्याअखेरच्या ‘अंते’साठी ‘म्हणे’ हा शब्द सहज सुचतो, पण लेखी मराठीत ‘म्हणे’ला अविश्वासाची छटा येऊ शकते. वक्ता दुसऱ्याचे मत नुसते सांगत असेल, तर ‘असे अमुकांचे म्हणणे आहे’ हेच बरे.

उदाहरणादाखल इस्रोच्या फुगा-प्रयोगावरील व्याख्यान घेता येईल. जयंत नारळीकर मुख्य संशोधक असलेल्या या प्रयोगात एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले गेले. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या आणि त्यांतील तीन जीवाणू नव्या जातींचे ठरले. येथे ‘स्थितांबरात सजीव सापडले’ हा एक दावा आणि ‘ते अवकाशातून आले’ हा दुसरा. टिपणात दोन्हींचे पुरावे वेगळे मांडावे लागतात. पहिल्यासाठी हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी आहे. नव्या जातींचा अतिनील किरणांना असलेला जास्त प्रतिकार दुसऱ्या दाव्याकडे फार तर निर्देश करतो. इस्रोच्या निवेदनातच परग्रहीय उगम निर्णायकपणे सिद्ध होत नसल्याचे म्हटले होते. वक्त्याने हे वाक्य उच्चारले असेल, तर ते तिसऱ्या भागात त्याच्याच शब्दांत, ध्वनिफितीवरील मिनिट-सेकंदासह जाते.

त्या तीन जातींपैकी बॅसिलस आर्यभटाय हा जीवाणू पुढे वनस्पतींच्या मुळांजवळील मातीतही आढळला. ही माहिती मोलाची आहे, पण २००९ मधल्या वक्त्याची कबुली म्हणून ती लिहिणे चुकीचे. टिपणकाराची भर म्हणून ती ओळ सोडून, वेगळी लिहावी. ‘वक्त्याने मान्य केलेले’ आणि ‘आपल्याला खटकलेले’ यांची सरमिसळ झाली की टिपण वक्त्यावर अन्याय करते. आपलीच शंका त्याच्या तोंडी घातल्याने तो आहे त्यापेक्षा सावध भासतो, किंवा त्याची खरी कबुली आपल्या टीकेत हरवून जाते.

कामाचा क्रम साधा आहे. पहिल्यांदा न थांबता ऐकून फक्त दावे उतरवायचे, दुसऱ्यांदा थांबत थांबत प्रत्येक दाव्यापुढे पुरावा लिहायचा. पुरावा सापडला नाही तर ती जागा रिकामीच ठेवायची. आपल्या माहितीने ती भरण्याचा मोह होतो. ‘आकृतीत दिसते तसे’ असे वक्ता म्हणाला आणि फीत केवळ आवाजाची असेल, तर ‘आकृती पाहिली नाही’ अशी नोंद करावी. तिसरे ऐकणे फक्त क्रियापदांसाठी.

मर्यादांची कबुली पुष्कळदा प्रश्नोत्तरांत येते. श्रोत्याचा प्रश्न ध्वनिक्षेपकाशिवाय विचारलेला असल्याने फितीवर ऐकू येत नाही, उत्तर मात्र येते. अशा वेळी प्रश्न अंदाजाने रचू नये. ‘(प्रश्न अस्पष्ट)’ असे लिहून उत्तर जसेच्या तसे द्यावे. आभारप्रदर्शनापाशी फीत तोडलेली असेल, तर ‘मर्यादा सांगितल्या नाहीत’ असे न लिहिता ‘उपलब्ध फितीत आढळल्या नाहीत’ असे लिहितात.