‘७२ तासांच्या आत’: वेष्टनावरचा हा आकडा आला कुठून?

इमर्जन्सी गर्भनिरोधकाच्या पाकिटात निघते एकच गोळी, १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, आणि तिच्याभोवती गुंडाळलेली, बारीक अक्षरांची लांबलचक चिठ्ठी. ती चिठ्ठी सहसा कुणी उलगडत नाही. वाचले जातात ते वेष्टनावरचे ठळक शब्द, ‘७२ तासांच्या आत’. मग साहजिकच वाटतं, तीन दिवस हातात आहेत, उद्या बघू.

हा आकडा गोळीपेक्षा जुना आहे. १९७० च्या दशकात कॅनडातले डॉक्टर अल्बर्ट यूझपे यांनी नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतलेच दोन हार्मोन मोठ्या मात्रेत देऊन पाहिले. त्यांच्या नावाने जी पद्धत रूढ झाली, तिच्यात पहिला डोस संबंधानंतर ७२ तासांच्या आत आणि दुसरा त्यानंतर १२ तासांनी घ्यायचा असे. मळमळ इतकी की निम्म्या बायका हैराण होत, आणि पाचातल्या एकीला उलटी होई. त्यातला इस्ट्रोजेन काढून नुसतं लेव्होनॉर्जेस्ट्रेल दिलं तर काय होतं, हे जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या चाचणीत तपासलं. १९९८ साली निष्कर्ष आले. नवी गोळी जास्त परिणामकारक ठरली आणि उलटीचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आत आलं.

या चाचणीतही ७२ तासांच्या आत आलेल्या बायकांनाच घेतलं होतं. म्हणजे ७२ ही मुळात अभ्यासात कुणाला घ्यायचं याची मर्यादा. एकाहत्तराव्या तासापर्यंत शरीर थांबून राहतं आणि मग दार बंद होतं, असं काही नाही. त्याच चाचणीतल्या नोंदी तासांप्रमाणे मांडल्या तेव्हा उतार स्पष्ट दिसला. पहिल्या २४ तासांत गोळी घेणाऱ्यांमध्ये, एरवी राहिले असते त्यांपैकी सुमारे ९५ टक्के गर्भ टळले होते. तिसऱ्या दिवशी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ५८ टक्क्यांवर आलं. (९५ टक्के म्हणजे शंभरातल्या पाच जणींना दिवस गेले, असा अर्थ नव्हे. एका संबंधातून सगळ्यांनाच दिवस जात नाहीत.)

उशिराचा फटका का बसतो, हे गोळीच्या कामावरून कळतं. ती मुख्यतः अंडं बाहेर पडणं लांबवते. ते आधीच सुटलं असेल तर तिला करण्यासारखं फारसं उरत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

एक गोळी मात्र २००२ नंतरची. त्याआधी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन असत. पहिली दुपारी दोनला घेतली तर दुसरी रात्री दोनला, आणि तेव्हा गजर लावून कोण उठणार? त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्याच दुसऱ्या चाचणीत दोन्ही एकदम घेतल्या तरी परिणाम तितकाच राहतो, त्रासही वाढत नाही, असं दिसलं.

आता चिठ्ठी एका प्रसंगावर लावून पाहू. शनिवारी रात्री अकराला निरोध फाटला. मुदत मंगळवारी रात्री अकराला संपते. रविवारी सकाळी नऊला घेतलेली गोळी दहाव्या तासाची, मंगळवारी रात्री नऊची सत्तराव्या तासाची. वेष्टनाच्या भाषेत दोन्ही ‘आत’च, पण वरचा उतार आठवावा. रविवारी नऊला गोळी घेतली आणि साडेदहाला उलटी झाली, तर पुन्हा एक घ्यावी लागते. उलटी दुपारी दोनला झाली तर गरज नाही, तोवर औषध रक्तात उतरलेलं असतं. ही सीमा काही चिठ्ठ्यांत दोन तासांची असते, काहींत तीन. आपल्या पाकिटातली धरावी.

सोमवारी रात्री पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर रविवारची गोळी त्याला पुरत नाही. उलट लांबलेलं अंडं नेमकं त्या सुमारास सुटू शकतं. मधेच थोडं रक्त दिसलं म्हणून ती पाळी समजू नये. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भचाचणी करावी.

फिट्स, क्षयरोग किंवा एचआयव्हीची काही औषधं चालू असतील तर ती या गोळीचा अंमल कमी करतात. ही ओळ चिठ्ठीत बरीच खाली असते. वजनाची सूचना मात्र आली आणि गेली. २०१३ साली युरोपात एका गोळीच्या माहितीपत्रकात ७५ किलोपासून परिणाम कमी आणि ८० किलोवर नाहीच, असं छापायचं ठरलं. पुढच्याच वर्षी युरोपच्या औषध नियामक संस्थेने पुरावा अपुरा म्हणून ते ठाम वाक्य काढायला लावलं. शंका पुरती मिटलेली नाही, म्हणून वजन जास्त असलेल्या बाईला डॉक्टर तांबीचाही पर्याय सांगतात. ती पाच दिवसांच्या आत बसवता येते आणि वजनाने तिचा परिणाम बदलत नाही.