कॉइलचं वजन आणि सळईचा 162

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत स्लिटिंगचं, म्हणजे रुंद पत्र्याच्या अरुंद पट्ट्या कापायचं काम असेल तर हा प्रश्न रोज येतो, गुंडाळलेल्या स्टीलच्या पट्टीची कॉइल समोर पडलीय, वजनकाटा लांब आहे आणि क्रेन दोन टनाची, उचलायची का नाही? माझी पद्धत सळईवरून आलीय. बांधकामवाल्यांना पाठच असतं, सळईचा व्यास मिमीमध्ये घ्या, वर्ग करा, 162 ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. हा 162 काही जादूचा आकडा नाही, गोलाचं क्षेत्रफळ आणि स्टीलची घनता (एका घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम) दोन्ही त्यातच मुरलेत.

आता कॉइलकडे आडवी पडलेली जाड सळई म्हणून बघा, जिच्या मधे भोक आहे. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्याचा वर्ग वजा करा, 162 ने भागा आणि पट्टीच्या रुंदीने (मीटरमध्ये) गुणा, झालं. पट्टीची जाडी लागतच नाही, लांबीही नाही, कारण आपण एकेक वेढा मोजत नाही, सगळा लोखंडाचा ठोकळाच धरतो.

परवाची कॉइल घेऊ. बाहेरून 1200, आतून 508, रुंदी 250 मिमी. 14,40,000 वजा 2,58,064, उरले 11,81,936, भागिले 162 म्हणजे मीटरला साधारण 7296 किलो, आणि पाव मीटरचे 1824.

पण माझं पहिलं उत्तर 1936 आलं होतं! आमचे काका म्हणाले, "अरे, टेप एकदाच लावलास ना? उभा पण लाव." खरंच, कॉइल स्वतःच्या वजनाने बसली होती, आडवा व्यास 1230 आणि उभा 1170. एकाच बाजूने मोजल्यामुळे 112 किलो फुकटचे वाढले. चूक बाहेरच्या मापात झाली की जास्त महागात पडते, कारण बाहेरचा वेढा लांब असतो, तिथे 10 मिमी चुकलं तर या कॉइलमध्ये 37 किलोचा फरक, आत तेवढंच चुकलं तर 16 च्या आसपास. म्हणून काटकोनात दोन मापं घ्या आणि सरासरी धरा. आतला व्यासही मोजाच, 508 आणि 610 अशा दोन्ही मापांच्या कॉइल येतात आणि नुसत्या डोळ्याने फसायला होतं, इथे 610 असता तर 176 किलो कमी भरले असते.

नंतर काट्यावर 1795 भरलं. म्हणजे 29 किलो कमी, ती वेढ्यांमधली हवा. पट्टी ढिली गुंडाळली असेल तर हा फरक अजून वाढतो, कडेला बोट फिरवलं की वेढ्यांमधल्या फटी कळतात. म्हणून हिशोबाचा आकडा क्रेनसाठी बिनधास्त वापरा, तो वरच्या बाजूलाच चुकतो, पण बिल मात्र काट्यावरच करा. आणि माल अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर 162 विसरा, त्याची घनता 2.7, वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं.