कोपर वाकलेलं चालतं, उघडलेलं नाही: पंधरा अंशांची पार्श्वभूमी

इंदूरच्या मैदानांवर एखाद्या ऑफस्पिनरचा हात जरा वाकडा दिसला की लगेच ओरड होते, ‘बट्टा मारतोय!’ म्हणजे चेंडू टाकत नाही, फेकतोय. हल्ली कुणीतरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंगही दाखवतं. पण नियमाचा आक्षेप वाकलेल्या कोपरावर नाहीच. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ झालं, म्हणजे किती उघडलं, एवढंच त्यात पाहतात.

पूर्वी हा निवाडा सर्वस्वी अंपायरच्या डोळ्यांवर होता. 1963 मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज इयन मेकिफच्या एकाच षटकात अंपायर कॉलिन ईगर यांनी चार नोबॉल दिले आणि त्या सामन्यासोबत मेकिफची कारकीर्दच संपली. अपील नाही, तपासणी नाही. 1995 च्या बॉक्सिंग डे कसोटीत मेलबर्नला डॅरेल हेअर यांनी मुरलीधरनला सात वेळा नोबॉल दिला, तोवर काळ बदलला होता. मुरलीचं प्रकरण प्रयोगशाळेत गेलं आणि तिथे कळलं की त्याचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. डोळ्यांना फेक वाटत होती, त्यात या वाकाचा मोठा वाटा होता.

तरी प्रश्न मिटला नाही. 2004 मध्ये त्याचा ‘दूसरा’, म्हणजे ऑफस्पिनच्या उलट दिशेला वळणारा चेंडू, पर्थला मोजला, तेव्हा कोपर सुमारे 14 अंश उघडत होतं. सरावाने ते दहाच्या आसपास आलं. पण स्पिनरला तेव्हा 5 अंशांचीच सूट होती, मध्यमगतीला साडेसात, वेगवानांना 10. म्हणून तो चेंडू बंद झाला. त्याच सुमारास इतर गोलंदाजांची मोजमापं आली आणि जवळपास प्रत्येकाचा हात थोडाफार उघडतो हे दिसलं, ज्यांचा हात आपण नितळ सरळ समजत होतो त्यांचाही. शिवाय पंधराएक अंशांपर्यंतचा फरक डोळ्यांना नीट टिपता येत नाही. म्हणून मार्च 2005 पासून सगळ्यांना 15 अंशांची एकच मर्यादा लागू झाली. मुरलीसाठी नियम वाकवला, असं अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. जुनी मर्यादा कसोशीने लावली असती, तर कित्येक नामवंतांनाही घरी बसावं लागलं असतं.

हिशेब असा. एका मुलाचं कोपर हात आडवा असताना 35 अंश वाकलेलं आहे आणि चेंडू सोडताना 24. फरक 11, हात विचित्र दिसला तरी चेंडू वैध. दुसऱ्याचं 20 वरून 2 वर आलं. चेंडू सुटताना हात अगदी सरळ, पाहणारा खूश, पण फरक 18, म्हणजे तो अवैध.

अंपायर मैदानात कोन मोजत नाहीत, ते संशय कळवतात. मग मान्यताप्राप्त केंद्रात खांदा, कोपर, मनगटावर परावर्तक खुणा चिकटवून अनेक वेगवान कॅमेऱ्यांसमोर सामन्यासारखीच गोलंदाजी करून घेतात. चेंडूच्या प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा असतो. 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या योहान बोथाचा फक्त ‘दूसरा’ बंद झाला होता, बाकीचे चेंडू तो टाकू शकत होता.

मोबाइलचं शूटिंग इथेच फसतं. खांदा फिरताना वाकलेला हात एकाच कॅमेऱ्याला आधी वाकडा, मग सरळ दिसतो. कोपर मात्र तेवढं उघडलेलंच नसतं.